ज्या मशीनवर टॅग नव्हता

वेगाने वाढणाऱ्या एका डायग्नोस्टिक लॅब कंपनीचं वर्षअखेरचं ऑडिट चालू होतं. वर्षभरात त्यांनी बरीच नवी कलेक्शन सेंटर्स उघडली होती, त्यामुळे इंड एएस 116 म्हणजेच लीजचा हिशेब यंदा जड जाणार हे ठरलेलं होतं. अकाउंट्सच्या टीमने लीजची यादी नेटकी केली होती. आम्ही ती भाड्याच्या लेजरशी, टीडीएसच्या रिटर्नशी आणि दिलेल्या डिपॉझिटशी ताडून पाहिली. सगळं जुळलं. पण या तिन्ही नोंदी 'भाडं' या नावाखाली गेलेल्या व्यवहारांपुरत्याच होत्या. जे भाडं म्हणून नोंदलंच गेलं नाही, ते त्यांत सापडणार कसं?

ते सापडलं मुख्य लॅबमध्ये, मालमत्तेची प्रत्यक्ष पडताळणी करताना. माझ्या हाताखाली शिकणारा आर्टिकल मालमत्तेचं रजिस्टर हातात घेऊन वस्तू शोधत होता. त्याला म्हटलं, आता उलटं कर, समोर दिसेल ती वस्तू रजिस्टरमध्ये शोध. खोलीच्या मधोमध बायोकेमिस्ट्रीचा मोठा अ‍ॅनालायझर नमुने तपासत होता. त्यावर कंपनीचा टॅग नव्हता. बाजूला पुरवठादाराचं स्टिकर आणि सर्व्हिस इंजिनीअरचा फोन नंबर होता.

"मॅडम, ते आपलं नाही. रिएजंटवाल्यांनी फुकट ठेवलंय," लॅब इनचार्ज म्हणाल्या.

करार खरेदी विभागाच्या फाइलमध्ये होता, अकाउंट्सकडे त्याची प्रतच नव्हती. मुदत 5 वर्षं. मशीनचं भाडं शून्य. मात्र दरमहा किमान 2 लाखांचे रिएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं, घ्यायचे, आणि कमी घेतले तर फरकाची रक्कम तरीही भरायची. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. रक्कम टळतच नसेल, तर कागदावर नाव काहीही असो, ती ठरलेली देणी आहे आणि तिच्यात मशीनचं भाडं दडलेलं आहे.

सीएफओंनी आक्षेप घेतला तो पर्यायी मशीनच्या कलमावर. पुरवठादार केव्हाही दुसरं मशीन आणून ठेवू शकतो, मग लीजसाठी लागणारं हे विशिष्ट मशीन कसं? आक्षेप रास्त होता, म्हणून कलम पुन्हा नीट वाचलं. बदलण्याची मुभा दुरुस्तीसाठी किंवा नवं मॉडेल आल्यास होती, आणि अशा मुभेने लीज टळत नाही. तसाही चालू लॅबमधलं मशीन हलवायचं तर नव्याने कॅलिब्रेशन आणि व्हॅलिडेशन करावं लागतं, तो खर्च पुरवठादाराच्या माथी येतो आणि त्याला फायदा काहीच नसतो. मशीनवर कोणती टेस्ट कधी लावायची हे लॅबच ठरवत होती. म्हणजे ताबा लॅबचा.

आता 2 लाखांतला मशीनचा वाटा किती? तेवढेच रिएजंट मशीनशिवाय घेतले तर किती पडतात, याचं कोटेशन खरेदी विभागाकडे होतं: दीड लाख. तसलं मशीन नुसतं भाड्याने घेतलं तर 50 हजार. या प्रमाणात दरमहा 50 हजार लीजचे. कंपनीच्या 9 टक्के कर्जदराने 60 हप्त्यांचं आजचं मूल्य सुमारे 24.09 लाख आलं. तेवढीच लीज देणी आणि तेवढीच राइट-ऑफ-यूज अ‍ॅसेट, म्हणजे मशीन वापरण्याच्या हक्काची मालमत्ता. पहिल्या महिन्यात घसारा साधारण 40,100 आणि व्याज 18,100, म्हणजे 50 हजारांऐवजी 58 हजारांच्या आसपास खर्च. पुढे व्याज उतरत जातं.

एका मशीनने ताळेबंद हलत नाही. पण असं एकच मशीन असेल यावर माझा विश्वास नव्हता. मी विम्याची पॉलिसी मागवली, कारण अशा करारात मशीनचा विमा बऱ्याचदा लॅबने उतरवायचा असतो. पॉलिसीतली उपकरणांची यादी रजिस्टरशी लावल्यावर आणखी सहा मशीन्स निघाली, बहुतेक नव्या शहरांतल्या लॅबमध्ये. मग रिएजंटच्या मोठ्या पुरवठादारांचे सगळे करार मागवून वाचले.

त्यातल्या दोन करारांत किमान खरेदीची अट नव्हती, वापराल तेवढं बिल. मशीनचा ताबा तिथेही लॅबचाच, म्हणून लीज आहेच. पण देय रक्कम पूर्णपणे वापरावर अवलंबून असल्याने देणी उभी राहत नाही. मशीनच्या वाट्याचा खर्च बदलतं लीज भाडं म्हणून टिपेत वेगळा दाखवावा लागतो. उरलेल्या पाच मशीन्सची मिळून देणी कोटीच्या वर गेली, आणि बँकेच्या कर्जाच्या अटींत कर्जाचं प्रमाण मोजताना लीज देणीही धरली जात होती. सीएफओंनी त्याच संध्याकाळी बँकेला फोन लावला.

ऑडिट कमिटीपुढे मी आकड्यांआधी खरेदीचा मंजुरी फॉर्म ठेवला. त्यात 'पुरवठादाराची कोणती वस्तू आपल्या जागेत राहणार आहे का' असा रकानाच नव्हता.