आमची वाटचाल : पेस्टेलचा तक्ता आणि किलोमागचा हिशोब

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. साध्या यंत्रमागांवर सुरुवात करून आम्ही रेपियर मागांपर्यंत आलो आणि आज आमचा बहुतेक माल न्हावाशेव्यावरून अमेरिकेला आणि युरोपला जातो. मधल्या चांगल्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही, कारण त्या काळात माग चालले, कंटेनर भरले आणि पैसे वेळेवर आले. लिहायचे आहे ते 2022 साली कारखाना बंद पडण्याच्या बेतात आला होता त्याबद्दल, आणि ज्या एका तक्त्याच्या आधारावर बँकेने आम्हाला नकार दिला त्या तक्त्याबद्दल.

निर्यातपूर्व कर्जाची मर्यादा वाढवून हवी म्हणून आम्ही अर्ज केला होता. बँकेच्या सांगण्यावरून एका सल्लागाराने पेस्टेल विश्लेषण करून दिले. राजकीय, आर्थिक, सामाजिक, तंत्रज्ञानविषयक, पर्यावरणीय आणि कायदेशीर असे सहा रकाने होते आणि प्रत्येकात सारख्याच वजनाच्या ओळी होत्या. युक्रेनचे युद्ध, डॉलरचा भाव, कामगारांची टंचाई, कापसाची तेजी, नवे माग, सांडपाण्याचे नियम असे सगळे त्यात होते. आमच्याच आवारातल्या ट्रान्सफॉर्मरचा बिघाड आणि एका ग्राहकाची थकबाकी यांनाही 'स्थूल घटक' म्हणून जागा मिळाली होती. वस्तुतः या दोन्ही गोष्टी आमच्या कारखान्याच्या आहेत, देशाच्या किंवा जगाच्या नव्हेत. त्या तक्त्यात सोळा ठिकाणी 'धोका' असा शिक्का होता आणि बँकेने ते शिक्के मोजून अर्ज बाजूला ठेवला. कोणता धोका किती रुपयांचा आहे, हे त्या कागदावर कुठेही लिहिलेले नव्हते, आणि हे शल्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

आमचे थोरले भागीदार, ज्यांना सगळा कारखाना अण्णा म्हणतो, पिढीजात विणकरांच्या घरातले आहेत. सूत बोटांत धरून त्याचा पीळ सांगणारा हा माणूस कधी व्यवस्थापनाच्या वर्गात बसला नाही. पण त्यांनी कॉस्टिंगची वही काढली आणि त्या तक्त्यातली प्रत्येक ओळ वहीतल्या एखाद्या खर्चाला जोडायला सांगितली. वहीत एक किलो टॉवेलचा हिशोब असतो : पाइलचे म्हणजे टॉवेलवरच्या वेढ्यांचे, ताण्याचे आणि बाण्याचे सूत, सायझिंग, विणाई, रंगाई, शिलाई आणि पॅकिंग, बंदरापर्यंतचे भाडे आणि शेवटी डॉलरचा भाव. तक्त्यातली जी ओळ यातल्या कुठल्याच खर्चाला जोडता येत नाही, किंवा मागणी आणि विक्रीच्या किमतीलाही लागत नाही, ती खोडायची. नव्या मागांचे तंत्रज्ञान त्या वर्षापुरते असेच खोडले गेले, कारण भांडवलच अडकले असताना माग बदलण्याचा प्रश्न नव्हता.

उरलेल्या ओळींमध्ये खरा गोंधळ होता तो कापसाचा. 2021 च्या सुरुवातीला एका खंडीचा, म्हणजे 356 किलो रुईचा भाव पन्नास हजारांच्या आत होता. मे 2022 मध्ये तो एक लाखाच्या वर गेला. 45 हजारांच्या भावाने रुई किलोला सुमारे 126 रुपये पडते आणि एक लाखाच्या भावाने 281 रुपये. किलोमागे हा फरक दीडशे रुपयांहून अधिक होतो आणि सूतगिरणीतली तूट धरली तर आणखी वाढतो. पाच डॉलर किलोच्या टॉवेलवर आठ टक्के नफा धरला, तर त्या वेळच्या डॉलरने तो जेमतेम तीस रुपये होत होता. वर्षभराच्या दराने घेतलेल्या ऑर्डरी मागावर होत्या आणि सूत दर आठवड्याला महाग होत होते.

सल्लागाराने ही सगळी वाढ 'आर्थिक' रकान्यात एका ओळीत घातली होती. अण्णांनी ती फोडली. पहिला भाग जगभरच्या तेजीचा होता, जो न्यूयॉर्कच्या वायद्यातही दिसत होता. तो कराचीच्या आणि तुर्कस्तानच्या कारखानदारालाही तितकाच लागत होता, म्हणून तो ग्राहकाकडे मागता येण्यासारखा होता. दुसरा भाग आपल्याकडच्या कमी पिकाचा होता. पिकावर पाऊस आणि बोंडअळीचा परिणाम होतो, म्हणून त्याचे मूळ पर्यावरणीय. तिसरा भाग सरकारी निर्णयाचा : फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पापासून आयात कापसावर एकूण 11 टक्के शुल्क होते, त्यामुळे देशातली तूट बाहेरच्या कापसाने स्वस्तात भरून निघत नव्हती. तोवर आपला कापूस बहुतेक वेळा जागतिक भावापेक्षा स्वस्त असायचा. त्या उन्हाळ्यात तो महाग झाला. दुसरा आणि तिसरा भाग फक्त आपल्याला लागत होता आणि आपल्याला मारत होता तोच.

अशी फोड केली की कोणत्या भागाचे काय करायचे ते लगेच दिसते. एप्रिल 2022 मध्ये केंद्राने आयात शुल्क तात्पुरते हटवले, तेव्हा बाजारात बऱ्याच जणांना वाटले की संकट सरले. आम्ही मात्र हिशोब केला की बाहेरून निघालेला कापूस बंदरावर येऊन, गिरणीत कातला जाऊन आमच्या बीमवर चढेपर्यंत महिने जातील आणि मागावरच्या ऑर्डरी त्याआधीच जहाजावर चढायच्या आहेत. घटक महत्त्वाचा होता, पण त्याची वेळ आमच्या वेळेशी जुळत नव्हती. म्हणून आम्ही शुल्कमाफीवर विसंबलो नाही. जागतिक तेजीचा भाग वेगळा काढून न्यू जर्सीतल्या आमच्या जुन्या ग्राहकापुढे वहीचे पानच ठेवले.

हे गृहस्थ छोट्या हॉटेलांना आणि व्यायामशाळांना टॉवेल पुरवतात आणि आमच्या पहिल्या कंटेनरपासून आमच्याबरोबर आहेत. त्यांनी दोन दिवस घेतले, न्यूयॉर्कच्या वायद्याशी आकडे पडताळले आणि जागतिक वाढीचा निम्मा भार उचलला. भारतातल्या जादा वाढीचा एक पैसाही त्यांनी दिला नाही, आणि ते योग्यच होते, कारण तेवढ्या रकमेसाठी त्यांना कराचीचा पर्याय होता.

त्याच दिवसांत आमच्याच एमआयडीसीतल्या एका मोठ्या कारखान्याने आमच्या दुसऱ्या ग्राहकाला जुन्याच दराने माल देऊ केला आणि तो ग्राहक आमच्याकडून गेला. तो दर कसा परवडला, हे पुढे त्या ग्राहकाने पाठवलेल्या नमुन्यांत दिसले. आमच्याकडे जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागचे ग्रॅम, मोजण्याचा कटर आहे, जो दाबून फिरवला की शंभर चौरस सेंटिमीटरची गोल चकती निघते. तिचे ग्रॅममधले वजन शंभरने गुणले की जीएसएम मिळतो. पाचशेच्या टॉवेलची चकती पाच ग्रॅम भरायला हवी, ती 4.4 भरली. पाच टक्के फरक व्यापारात चालवून घेतात. येथे तो बारा टक्के होता आणि पाइलचे वेढे डोळ्यांनाही बुटके दिसत होते. तो ग्राहक पुढच्या वर्षी परत आला, पण मधल्या काळात आमचे आठ माग झाकून ठेवावे लागले, हे मी विसरू शकत नाही. त्या कारखान्याचा हा धक्का मात्र आम्ही पेस्टेलमध्ये कधीही लिहिला नाही. प्रतिस्पर्ध्याची चाल हा धंद्याच्या आतला घटक आहे आणि तो तक्त्यात मिसळला की बाहेरच्या घटकांचे मोजमाप बिघडते.

याच रीतीने जून 2022 मध्ये अमेरिकेत चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या सक्तमजुरीच्या मालाविरुद्धचा, म्हणजे तिथल्या कापसाविरुद्धचाही, कायदा लागू झाला, तेव्हा सल्लागाराने तो 'धोका' म्हणून कळवला होता. आम्ही गिरणीकडून गाठींच्या याद्या आणि सुताची बिले मागवून प्रत्येक लॉटला जोडू लागलो. हे काम कटकटीचे आहे, पण त्याचा खर्च किलोमागे नगण्य आहे. ज्यांच्या मालात शिनजियांगचा कापूस होता त्यांचे कंटेनर अडत होते, म्हणजे कायदेशीर रकान्यातली ही ओळ आमच्यासाठी उलट जमेची होती.

या पद्धतीची खरी कसोटी 2025 च्या ऑगस्टमध्ये लागली. सुती टेरी टॉवेलवर अमेरिकेत 9.1 टक्के शुल्क पूर्वीपासूनच आहे. 7 ऑगस्टपासून भारतीय मालावर आणखी 25 टक्के आणि 27 ऑगस्टपासून पुन्हा 25 टक्के लागले, म्हणजे एकूण 59.1 टक्के. पाकिस्तानवर जादा शुल्क 19 टक्के होते, म्हणजे त्यांचे एकूण 28.1. पाच डॉलरच्या टॉवेलवर आम्हाला 2.95 डॉलर आणि त्यांना 1.40 डॉलर : फरक किलोमागे दीड डॉलरहून अधिक आणि आमचा नफा चाळीस सेंट. त्याच सुमारास रुपया घसरला म्हणून काही जण समाधान मानत होते. पण डॉलर 86 वरून 88 वर गेला तर पाच डॉलरवर दहा रुपये, म्हणजे अकरा सेंट मिळतात, आणि ग्राहक त्यातही वाटा मागतो. 19 ऑगस्टपासून कापसावरचे आयात शुल्क पुन्हा माफ झाले, त्याचा फायदाही दीड डॉलरपुढे किरकोळ होता. तक्त्यात या तिन्ही ओळी शेजारी शेजारी आणि सारख्या दिसतात. वहीत मात्र पहिली ओळ एकटीच निर्णय करणारी होती.

येथे भूगोलानेही एक काम केले. दुसरे 25 टक्के टाळण्यासाठी माल 27 ऑगस्टपूर्वी जहाजावर चढणे आणि 17 सप्टेंबरपूर्वी अमेरिकेच्या सीमाशुल्कातून आत जाणे, या दोन्ही अटी होत्या. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात असल्याने प्रवास पस्तीस दिवसांच्या आसपास धरावा लागत होता. म्हणजे कागदावरची मुदत 27 ऑगस्ट असली तरी आमची खरी मुदत 12 ऑगस्टच्या आतली होती. 6 ऑगस्टला आदेश निघाला त्या रात्री शिलाई विभाग चालू ठेवून आम्ही तयार मालाचे कंटेनर मिळेल त्या पहिल्या जहाजावर चढवले. भाड्याच्या दृष्टीने तो वळसा आम्ही कधीच किरकोळ ठरवला होता, पण शुल्काच्या तारखेशी जोडल्यावर त्याचे वजन बदलले. म्हणून आता आम्ही खोडलेल्या ओळी फाडून टाकत नाही. दर महिन्याला, उरलेल्या मोठ्या ओळीशी जोडल्यावर त्यांचा अर्थ बदलतो का, एवढे तपासतो.

नव्या निर्यातदारांना, कुणी विचारले नसतानाही, एक सांगतो : प्रत्येक ओळीपुढे 'धोका' किंवा 'संधी' न लिहिता किलोमागे रुपये लिहा, तोच घटक कराचीत किती रुपयांचा आहे ते लिहा आणि तो मागावरच्या मालाला लागतो की पुढच्या हंगामाला, ते लिहा. कापड समितीच्या आणि टॉवेल निर्यातदारांच्या बैठकांत शुल्कदरांची माहिती सहज मिळते, पण तुमच्या वहीतला सुताचा भाव तुम्हालाच घालावा लागतो.

24 जुलै 2025 रोजी ब्रिटनशी करार झाला तेव्हाही आम्ही हेच केले. तिथे पाकिस्तानी टॉवेल शून्य शुल्काने जात होता आणि आमच्या मालावर शुल्क होते, म्हणून ही ओळ फरकाची आहे हे उघड होते. पण सही आणि अंमलबजावणी या दोन वेगळ्या तारखा असल्याने तिच्यापुढची रक्कम आम्ही पुढच्या हंगामाच्या रकान्यात लिहिली, आणि दरम्यान साडेचारशे जीएसएमचे नमुने विणून लंडनच्या दोन खरेदीदारांकडे रवाना केले.