बाईंचा पहिला रजेचा अर्ज

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहावे असे पत्र आले आणि मी आपल्या मराठीच्या बाईंविषयीच लिहायचे ठरवले. त्या नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या, आम्ही आठवी ‘ब’मध्ये होतो आणि मोठ्या सरांच्या शिस्तीचा धाक मुलांइतकाच शिक्षकांनाही होता.

बाईंच्या वडिलांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मिरजेला ठरली होती. त्यासाठी त्यांनी पहिलाच रजेचा अर्ज लिहिला, तो असा : ‘घरगुती अडचणीमुळे मी दोन-तीन दिवस शाळेत येऊ शकणार नाही, तरी क्षमस्व.’ मधल्या सुट्टीत शिपाईमामांनी तो परत आणून दिला. ‘दोन-तीन’ या शब्दांखाली लाल पेन्सिलीची रेघ होती आणि समासात सरांनी विचारले होते, ‘कोणत्या तारखा? कोणती रजा? तास कोण घेणार?’

हे आम्हांला कळले, कारण पुढे अर्जलेखन शिकवताना बाईंनी दोन्ही अर्ज फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले. पहिल्या अर्जात रजा मागितलेलीच नाही, नुसते न येण्याचे कळवले आहे, हे त्यांनी आधी दाखवले. मग तारखेचे कारण सांगितले. पर्यवेक्षक सकाळी बदली तासांचा तक्ता लावतात. तिसऱ्या दिवशी बाई येणार की नाही हेच ठाऊक नसेल, तर त्यांच्या वर्गावर कोणाला पाठवायचे?

दुसऱ्या अर्जाचा विषय होता, ‘दोन दिवसांची किरकोळ रजा मिळण्याबाबत’. वडिलांची शस्त्रक्रिया आहे, सोबत जाण्यास घरात दुसरे कोणी नाही, म्हणून बुधवार व गुरुवार अशी रजा मंजूर व्हावी, शुक्रवारी सकाळी कामावर हजर होईन, असे त्यात तारखांसह लिहिले होते. आठवी ‘ब’चा तिसरा तास हिंदीच्या बाई घेतील, असे नमूद करून खाली त्यांची संमतीची सही घेतली होती. सरांनी ‘मंजूर’ असा शेरा मारला आणि पुढे लिहिले, ‘गरज पडल्यास शुक्रवारही घ्यावा, मात्र निरोप पाठवावा.’ ही ओळ वाचून दाखवताना बाईंचा आवाज भरून आला होता. इतक्या कडक माणसाने आपणहून एक दिवस वाढवून दिला, याचे आम्हांलाही फार नवल वाटले.

आज मी एका सरकारी कार्यालयात कक्ष अधिकारी असून रजेचे अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे जातात. हल्ली पुष्कळ जण सकाळी मोबाईलवर ‘आज येत नाही’ एवढेच कळवतात. हाताशी असलेले काम कोणाकडे सोपवले, याचा त्यात उल्लेखही नसतो, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या लिपिकाला मी बाईंचा तो दुसरा अर्ज जसाच्या तसा सांगतो. महोत्सव समितीला माझी एकच विनंती आहे : समारंभात बाईंना पहिल्या रांगेत बसवावे आणि त्यांचा सत्कार आमच्या वर्गाच्या हातून व्हावा.