देकार्तचे पान, तिसरी संध्याकाळ: हरवलेला y' सापडला

मागच्या नोंदीतल्या x² + y² = 25 या वर्तुळाचा y'' = −25/y³ इतक्या सहज हाती लागला होता की, पुढचा वक्रही एका बैठकीत उरकेल असे मी गृहीत धरले. देकार्तने 1638 मध्ये चर्चेत आणलेले पान मी x³ + y³ = 6xy या रूपात घेतले आणि त्यातच दोन संध्याकाळी गेल्या. (3, 3) या बिंदूवर y'' चे माझे उत्तर −4/3 येत होते, ते चुकीचे आहे हे मला कळत होते, पण कुठे चुकते आहे ते कळत नव्हते.

ते चुकीचे आहे हे कळले साध्या गणकयंत्रामुळे. समीकरणात x = 2.99 ठेवून (3, 3) जवळचा y काढला, तर तो 3.009740 येतो आणि x = 3.01 साठी 2.989726 येतो. या दोघांच्या बेरजेतून मधल्या y ची दुप्पट, म्हणजे 6, वजा केली की −0.000534 उरतात आणि त्यांना 0.01 च्या वर्गाने भागले की −5.34 मिळतात. −1.33 आणि −5.34 यांतला फरक दशांशांच्या ओढाताणीचा नव्हे, हे उघड होते. आलेख काढून देणाऱ्या साधनांपेक्षा मला ही पडताळणी अधिक भरवशाची वाटते, कारण चित्रात वक्राचा बाक डोळ्यांनी मोजता येत नाही.

पहिले विकलन करून 3 ने भागले की x² + y²y' = 2y + 2xy' मिळते आणि त्यातून y' = (2y − x²)/(y² − 2x). इथवर काहीच बिघडलेले नव्हते; (3, 3) वर y' = −1 येतो आणि वक्र y = x या रेषेभोवती सममित असल्यामुळे तो तसाच यायला हवा. इथून पुढे भागाकाराचा नियम लावायचा बेत होता, परंतु त्यात अंश आणि छेद या दोहोंतला y वेगवेगळा सांभाळावा लागतो, म्हणून बेत बदलला आणि भागाकार करण्यापूर्वीच्या समीकरणाचेच पुन्हा विकलन केले.

चूक तिथेच दडलेली होती. y²y' हा गुणाकार आहे; त्यातल्या y² चे विकलन 2yy' आणि त्याला शेजारचा y' गुणायचा राहिलेला असतो, म्हणून पहिले पद 2y(y')² होते. मी दोन्ही वेळा 2yy' + y²y'' असे लिहून पुढे गेले होते. वहीचे पान उजेडाकडे धरून ओळ मोठ्याने वाचली तेव्हा तो हरवलेला y' दिसला. दुरुस्त ओळ अशी:

(y² − 2x) y'' = 4y' − 2x − 2y(y')²

(3, 3) वर उजवी बाजू −4 − 6 − 6 = −16, डावीकडचा गुणक 3, म्हणून y'' = −16/3, म्हणजे −5.33. गणकयंत्राचे आणि माझे अखेर जमले.

केवळ संख्या हवी असेल तर y' ची किंमत इथेच ठेवून थांबावे. मला मात्र नेटके सूत्र हवे होते. छेदाला D आणि अंशाला N म्हटले, y' = N/D ठेवले आणि सगळे D² वर आणले, तर वर 4ND − 2xD² − 2yN² उरते. विस्तार करताना 8x³ आणि 8y³ एकमेकांना कापतात, x²y² ची पदे जमून 12x²y² होतात आणि शेवटी −2xy(x³ + y³ − 6xy + 8) एवढेच राहते. कंसातले पहिले तीन मिळून मूळ समीकरणच आहे, म्हणजे शून्य! उरला केवळ 8:

y'' = −16xy/(y² − 2x)³

पहिल्या दिवशी ही ओळ मला सापडलीच नसती, कारण चुकीच्या पदांतून मूळ समीकरण कधीच बाहेर पडत नाही. अव्यक्त विकलनात उत्तर आवरता येत नसेल, तर बीजगणितावर चिडण्याआधी एखादा y' राहिला आहे का ते मी आता आधी पाहते. विस्तारासाठी चौकटींची वहीच घ्यावी असे माझे मत आहे. रेघांच्या वहीत घातांक खालच्या ओळीत घुसतात.

हे लिहीत असतानाच उगमबिंदूचा विचार आला. तिथे छेदही शून्य आणि अंशही शून्य, म्हणून सूत्र थेट चालत नाही. परंतु x-अक्षाला स्पर्श करणाऱ्या शाखेवर y³ नगण्य असतो, म्हणून y जवळजवळ x²/6 असतो. तो सूत्रात ठेवून x शून्याकडे नेला की 1/3 मिळतो, आणि x²/6 चे द्वितीय विकलजही 1/3 च आहे. दुसऱ्या शाखेवर, जिथे x जवळजवळ y²/6 असतो, तिथे y'' जवळजवळ −9/y³ येतो आणि उगमाशी अमर्याद वाढतो. रूप थेट वर्तुळाच्या −25/y³ सारखेच आहे आणि x = y²/6 हा तर अन्वस्तच, म्हणून पुढची बैठक अन्वस्ताची.