आजींचा गाल आणि चार फोन

कराडजवळच्या एका गावातल्या आजींचं सहस्रचंद्रदर्शन झालं. फोटोग्राफर लावला नव्हता, घरच्यांनीच आपापल्या फोनवर फोटो काढले होते. आजींची लेक ते सगळे पेनड्राइव्हमध्ये घेऊन माझ्याकडे अल्बम करायला आली. थोरल्या मुलाचा फोन, नातीचा फोन, मस्कतहून आलेल्या पुतण्याचा आयफोन आणि शेजाऱ्यांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो. चार फोनांत आजींचा रंग चार तऱ्हेचा: एकीकडे गुलाबी, एकीकडे हळदीसारखा पिवळा, एकीकडे हिरवट आणि आयफोनच्या फोटोत राखेसारखा निस्तेज.

राखेसारख्या रंगाचं कारण लवकर सापडलं. आयफोन Display P3 या रुंद रंगपट्ट्यात फोटो काढतो. माझं अल्बम मांडायचं जुनं सॉफ्टवेअर फोटोतली रंगांची प्रोफाइल वाचतच नाही, ते रंगांचे तेच आकडे sRGB या नेहमीच्या, अरुंद रंगपट्ट्यातले समजून दाखवतं आणि रंग फिका पडतो. म्हणून ते फोटो आधी फोटोशॉपमध्ये `Convert to Profile` करून sRGB मध्ये आणले. तिथे `Assign Profile` केलं असतं तर नुसतं लेबल बदललं असतं, चेहरा तसाच फिका राहिला असता.

पुढे मात्र माझी मोठी चूक झाली. बाकीचे फोटो जुळवायला एक फोटो प्रमाण धरावा लागतो. मी नातीच्या फोनमधला, सगळ्यांत छान दिसणारा फोटो धरला आणि दोन दिवस बसून चाळीस फोटो त्याच्याशी जुळवले. लेक बघायला आली. पानं उलटता उलटता थांबली आणि म्हणाली, "दादा, ही आमची आई नाही हो. आमची आई एवढी गोरी कधी होती?"

नातीच्या फोनमध्ये ब्यूटी मोड चालू होता. मी चाळीस फोटो त्या खोट्या रंगाशी इमानदारीनं जुळवले होते. मला फार वाईट वाटलं, कारण सावळा रंग उजळ करून देणं हे माझ्या धंद्यातलं जुनं पाप आहे आणि तेच माझ्या हातून न कळत झालं होतं.

मी म्हटलं, "ताई, आजींना पाच मिनिटं आणता येईल का?"

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. दुकानाच्या दारात, ऊन थेट येत नाही अशा सावलीत त्यांना खुर्चीवर बसवलं. हातात ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायला वापरतात तो तटस्थ करडा पुठ्ठा, दिलं आणि माझ्या कॅमेऱ्यानं एक फोटो काढला. कार्डावर क्लिक करून व्हाइट बॅलन्स लावला आणि आयड्रॉपर `11 by 11 Average` वर ठेवून गालावरचा रंग वाचला. कपाळ आणि नाक चमकतात, म्हणून तिथे मोजायचं नाही. रंग मोजायच्या Lab या पद्धतीत आकडे आले: L 46, a 15, b 19. यात L म्हणजे उजेड, a लालसरपणा आणि b पिवळेपणा.

मग बाकीच्या फोटोंत तोच गाल मोजला. ब्यूटी मोडच्या फोटोत L 63, a 13, b 10 होतं. उजेड वाढलेला आणि पिवळेपणा जवळजवळ निम्मा, म्हणून तो गुलाबी गोरेपणा. स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत a 8 आणि b 20 होतं. लालसरपणा गेला की चेहरा हिरवट आणि आजारी दिसतो. तिथे `Tint` किरमिजीकडे सरकवून a वर आणला. मांडवातल्या फोटोंत पिवळ्या कापडाचा उजेड फक्त चेहऱ्यावर पडला होता, म्हणून पूर्ण फोटो न हलवता चेहऱ्यापुरता मास्क करून b उतरवला.

L मात्र सगळीकडे 46 केला नाही. संध्याकाळच्या ओवाळणीत चेहरा थोडा अंधारात असणारच, तो उजळला तर डोकं वरून चिकटवल्यासारखं दिसतं. मी a आणि b यांचं नातं सांभाळलं: आजींच्या गालावर b हा a पेक्षा थोडा जास्त. आणि हे आकडे फक्त आजींचे. थोरला मुलगा त्यांच्यापेक्षा सावळा, सून उजळ. त्यांचे गाल वेगळे मोजले. सगळ्यांना एकाच आकड्यावर आणलं असतं तर घरातली माणसं ओळखू आली नसती.

दोन गोष्टी जमल्या नाहीत. ब्यूटी मोडनं पुसलेल्या सुरकुत्या परत आणता येत नाहीत. तो फोटो रंग उतरवून पानात लहान ठेवला. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या एका फोटोत फ्लॅशनं कपाळ पांढरं फटक पडलं होतं. तिथे रंगच शिल्लक नव्हता, पिवळेपणा वाढवला की तेवढाच डाग उठायचा. तो फोटो ताईंना दाखवून काढून टाकला.

शेवटी पाच चेहऱ्यांची एक पट्टी लॅबमधून छापून आणली. ताईंनी ती त्याच दारातल्या सावलीत आजींच्या गालाशेजारी धरली. चार जुळले. तिसरा अजून पिवळा वाटत होता. मी b दोननं कमी केला आणि पट्टी पुन्हा छापायला पाठवली.