घाण्याचं तेल आणि चाळीस उत्तरपत्रिका

एमबीएच्या मार्केटिंगच्या पेपरात यंदा केस होती ती लाकडी घाण्यावर शेंगदाणा तेल काढणाऱ्या एका छोट्या कारखान्याची. क्षमता महिन्याला 8,000 लिटर, मार्केटिंगसाठी वर्षाला 10 लाख रुपये. सेगमेंट, म्हणजे ग्राहकांचे गट, तीन. स्वस्त तेल बघणारी घरं, तब्येतीसाठी घाण्याचंच तेल मागणारी शहरी कुटुंबं, आणि हॉटेल-केटरिंगवाले. प्रत्येक सेगमेंटला स्वतंत्र विक्रीव्यवस्था हवी, तिचा खर्च वर्षाला किमान 7 लाख. प्रश्न असा की यातलं कोण निवडायचं आणि धोरण कोणतं घ्यायचं: सगळ्यांना एकच माल देणारं अनडिफरन्शिएटेड, दोन-तीन सेगमेंटना वेगवेगळं विकणारं डिफरन्शिएटेड, की एकाच सेगमेंटवर भर देणारं कॉन्सन्ट्रेटेड. त्या दिवशी मी 40 उत्तरपत्रिका तपासल्या. त्यातल्या तिसाच्या आसपास एकाच जागी घसरल्या होत्या.

घसरण सुरू होते ती गुणांच्या तक्त्यात. आकार, वाढ, लिटरमागे उरणारे पैसे, स्पर्धा, कंपनीची कुवत असे निकष घेऊन त्यांना भार द्यायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. एकाने आकाराला 60 टक्के भार दिला आणि बाकी चौघांना 10-10. स्वस्त तेलाचा बाजार महिन्याला 4 लाख लिटरचा, म्हणून त्याला आकारात 5 पैकी 5. एकूण 3.5. घाण्याच्या तेलाचा बाजार 50 हजार लिटरचा, त्याला 3.1. निवड झाली! मी त्याचेच गुण ठेवले, फक्त भार 30, 20, 20, 15, 15 असे घेतले. स्वस्त तेल 2.35 वर आलं, घाण्याचं 3.95 वर गेलं. भार का दिला याचं एक वाक्यही नसेल, तर तो तक्ता म्हणजे आधी ठरवलेल्या उत्तराला दिलेला मुलामा. महिन्याला 8,000 लिटर काढणाऱ्याला 4 लाख लिटरच्या बाजाराचं करायचं काय? त्याच्यापुरता आकार म्हणजे त्याचा माल खपेल एवढा बाजार. त्यापुढची मोठाई मोठ्या स्पर्धकांना बोलावते, एवढंच.

तक्त्यानंतर वजाबाकी हवी. स्वस्त तेलात लिटरमागे 6 रुपये उरतात. सगळे 8,000 लिटर विकले तरी वर्षाला 5 लाख 76 हजार, आणि खर्च 7 लाख. पूर्ण क्षमता विकूनही तोटा. घाण्याच्या तेलात 60 रुपये उरतात. इथे मात्र सगळे 8,000 लिटर खपतील असं धरू नये, कारण तो त्या बाजाराचा 16 टक्के हिस्सा झाला. 10 टक्के, म्हणजे 5,000 लिटर धरले तर वर्षाला 36 लाख. खर्च जाऊन 29.

मग उरलेल्या 3,000 लिटरचं काय? बऱ्या विद्यार्थ्यांनाही मोह इथेच पडतो. हॉटेलवाल्यांना विकू, दोन सेगमेंट धरू, म्हणजे डिफरन्शिएटेड. लिटरमागे 14 रुपये, वर्षाला 5 लाख 4 हजार. पण त्यासाठी आणखी 7 लाख लागतात. दोन्ही मिळून 14, हातात 10. शिवाय हॉटेलवाल्यांची उधारी 45 दिवसांची. 220 रुपये दराने महिन्याचा माल 6 लाख 60 हजारांचा, म्हणजे जवळपास 10 लाख कायम अडकून. दोन सेगमेंट आकर्षक दिसले म्हणून डिफरन्शिएटेड होत नाही. दुसऱ्या सेगमेंटने स्वतःचा वेगळा खर्च भागवून वर काही द्यायला हवं.

अनडिफरन्शिएटेड नाकारताना मात्र जवळजवळ सगळ्यांनी ‘ग्राहक वेगवेगळे असतात’ एवढंच लिहिलं. ते अर्धं कारण. फोर्डची मॉडेल टी 1908 मध्ये सुमारे 850 डॉलरला होती, 1925 पर्यंत ती 300च्या आत आली. एकच गाडी सर्वांना खपली, कारण उत्पादन वाढलं तसा गाडीमागचा खर्च पडत गेला. लाकडी घाणा सावकाशच फिरतो. दुप्पट तेल हवं तर दुप्पट घाणे बसवा, लिटरचा खर्च जवळपास तोच. एक माल, एक भाव, सर्वांसाठी हे धोरण या कारखान्याला म्हणून झेपत नाही.

एकीने हे सगळं दीड पानात उरकलं होतं. कॉन्सन्ट्रेटेड निवडून तिने धोकाही नेमका लिहिला: मोठ्या ब्रँडने घाण्याचं तेल आणलं, तर सगळी अंडी एकाच टोपलीत. आणि पुढे एक अट घातली. घाण्याच्या तेलाची विक्री सलग सहा महिने 5,000 लिटरच्या वर राहिली आणि मार्केटिंगचा पैसा 14 लाखांवर गेला, तरच हॉटेलांचा विचार. तोही उधारी 15 दिवसांवर आली तर. मी पेन ठेवून तिचं गणित पुन्हा तपासलं. लिटरमागे 14 रुपयांनी 7 लाख भागवायला महिन्याला 4,167 लिटर लागतात, आणि घाण्याच्या तेलाचे 5,000 काढून तिच्याकडे उरतात 3,000. म्हणजे आधी घाणे वाढवायला हवेत. ती अट राहिली होती. तेवढा एक गुण कापला.