नोंदवहीतली सही आणि ‘शुड हॅव’

दादरच्या एका संध्याकाळच्या वर्गात मी नोकरदारांना इंग्रजी शिकवते. त्या दिवशी भूतकाळाविषयीच्या अनुमानाचा सराव घ्यायचा होता. त्यात दिलेला पुरावा वाचून ‘मस्ट हॅव’, ‘मे हॅव’ किंवा ‘कान्ट हॅव’ यांपैकी योग्य रूप निवडायचे असते. वर्ग सुरू होण्याआधी, अंधेरीतील एका कार्यालयात सुरक्षा पर्यवेक्षक असलेले एक विद्यार्थी छापील अहवाल घेऊन आले. ‘‘मॅडम, या वाक्यामुळे आमच्या गार्डला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे. मी तर त्याच्या बाजूनेच लिहिलं होतं,’’ असे ते म्हणाले.

वाक्य असे होते : ‘द गार्ड शुड हॅव लॉक्ड द रूम ॲट ११.३०’. सुट्टीच्या रात्री सामानाच्या खोलीतून लॅपटॉप चोरीला गेले होते. गार्डने साडेअकराला नोंदवहीत सही केली होती, म्हणून त्याने कुलूप लावले असले पाहिजे, असे पर्यवेक्षकांना म्हणायचे होते. व्यवस्थापकांनी मात्र त्याचा अर्थ ‘लावायला पाहिजे होते’ असा घेतला, म्हणजेच त्याने ते लावलेच नाही. मराठीच्या दोन्ही रचनांत ‘पाहिजे’ येते आणि शाळेपासून त्याची जोडी ‘शुड’शी लागलेली असते, त्यामुळे ही गल्लत वर्गात वारंवार दिसते. पण तिने एखाद्याच्या नोकरीवर बेतावे, हे नवीन होते.

पर्यवेक्षकांच्या संमतीने मी ठरलेला सराव बाजूला ठेवला आणि ही घटनाच फळ्यावर मांडली. लगेच एका विद्यार्थिनीने आक्षेप घेतला की ‘द ट्रेन शुड हॅव रीच्ड कल्याण बाय नाऊ’ हे वाक्य तर बरोबर मानतात, मग तेही अनुमानच नाही का? आक्षेप रास्त होता. गाडी वेळेवर सुटली, वेळापत्रक ठाऊक आहे आणि पोहोचल्याची बातमी अजून आलेली नाही, अशा वेळी नेहमीच्या क्रमावरून बांधलेली अपेक्षा ‘शुड हॅव’ने सांगता येते. ‘मस्ट हॅव’ची दिशा उलट असते : समोर दिसणाऱ्या खुणेवरून मागे जाऊन आपण तिचे कारण ठरवतो. आणि काहीतरी बिघडले आहे हे आधीच माहीत असेल, तर ‘शुड हॅव’ अपेक्षा सांगत नाही, ते ठपका ठेवते. चोरीच्या अहवालात ते तसेच वाचले जाणार.

‘‘मग ‘मस्ट हॅव’ लिहिलं की झालं ना?’’ असे पर्यवेक्षकांनी विचारले. मी त्यांना आणखी पुरावा सांगायला लावला. सकाळी सफाई कामगार आली तेव्हा कुलूप लागलेले होते आणि त्यावर ओरखडाही नव्हता. म्हणून अर्ध्या वर्गाने ठामपणे ‘मस्ट हॅव’ निवडले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या हार्डवेअर दुकानदाराने विचारले, ‘‘कुलूप दाबून बसणारं होतं का?’’ होते. असे कुलूप लावायला किल्ली लागत नाही; चोरानेही जाताना ते दाबून बंद केले असू शकते. नोंदवहीतल्या सहीने सही झाली एवढेच कळते. सकाळच्या बंद कुलपावरून निघते ते एवढेच की कोणीतरी ते लावले : ‘समवन मस्ट हॅव लॉक्ड इट’. गार्डविषयी मात्र ‘मे हॅव लॉक्ड’ याच्या पलीकडे जाता येत नव्हते. खरे सांगायचे तर, तयार उत्तरसूचीच्या सरावात इतका कस लागत नाही, कारण तिथला पुरावा उत्तर डोळ्यांपुढे ठेवूनच बेतलेला असतो.

मग नकाराकडे वळलो. कुलूप शाबूत, म्हणजे ते फोडलेले नाही, हे सांगण्यासाठी बऱ्याच जणांनी ‘मस्ट नॉट हॅव’ लिहिले. अमेरिकन इंग्रजीत ते चालते. आमच्या ब्रिटिश धाटणीच्या सरावपुस्तकांत मात्र अशा ठाम नकारासाठी ‘कान्ट हॅव’ किंवा ‘कुडन्ट हॅव’ अपेक्षित असते. खरा घोटाळा यापुढे होतो. ‘कुड हॅव’ आणि ‘माइट हॅव’ होकारात पुष्कळदा एकमेकांच्या जागी चालतात, पण नकारात त्यांच्या वाटा फुटतात. ‘ही माइट नॉट हॅव लॉक्ड इट’ म्हणजे कदाचित त्याने लावले नसेल. ‘ही कुडन्ट हॅव लॉक्ड इट’ म्हणजे त्याने ते लावले असणे शक्यच नाही. हे दुसरे वाक्य अहवालात गेले असते, तर गार्डवर नवाच आरोप आला असता.

पर्यवेक्षकांनी वर्गातच नवा मजकूर लिहिला. कुलूप ‘कान्ट हॅव बीन फोर्स्ड’, गार्डने ते ‘मे हॅव लॉक्ड’, चोराकडे किल्ली असू शकते यासाठी ‘माइट हॅव हॅड’. प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांनी ‘बिकॉज’ लिहून त्याचा पुरावा जोडला. सहीवर विसंबलेल्या वाक्यापाशी ते थोडे थांबले आणि मग त्यात ‘अकॉर्डिंग टू द रजिस्टर’ एवढी भर घातली.