दमून आला की भांडून आला?

"नवरा ऑफिसमधून आला की गप्प. काही विचारलं तर वसकन अंगावर येतो. त्याला शांत करायला मी नेमकं करायचं तरी काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गप्प बसणं आणि अंगावर येणं या बहुतेक वेळा दोन वेगळ्या संध्याकाळी असतात, आणि दोन्हींवर एकच उपाय केला की तो एकीकडे हमखास फसतो. समुपदेशनाला आलेल्या जोडप्यांना मी लवकरच विचारते, त्या दिवशी तो नुसता दमून आला होता की कुणाशी वाजलं होतं? अनेकांना सांगता येत नाही, कारण घरात दोन्ही दिवशी "आज डोकं फिरलंय" एवढंच ऐकू येतं. (हाच प्रश्न नवरेही विचारतात. त्यांचे शब्द एवढेच वेगळे, की "ती आली की लगेच मुलांवर ओरडते.")

हा फरक मी माझ्या मनाने काढलेला नाही. रेना रेपेटी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी विमानतळावरच्या हवाई वाहतूक नियंत्रकांचा अभ्यास केला. नियंत्रक निवडण्यात एक सोय होती. त्यांच्यावर कामाचा बोजा किती होता, हे त्यांच्या सांगण्यावर अवलंबून नव्हतं. त्या दिवशी विमानांची वर्दळ किती होती आणि किती लांबपर्यंतचं स्पष्ट दिसत होतं, याच्या नोंदी असतातच. संध्याकाळी घरी काय घडलं ते नवरा-बायको दोघांना विचारलं. 1989 मध्ये छापलेल्या या अभ्यासात दिसलं, की बोजा जास्त असलेल्या दिवशी नियंत्रक घरी आल्यावर आपल्या कोषात जायचे. बायकोने सांभाळून घेतलं तर ते आणखी गप्प व्हायचे, पण चिडायचे मात्र कमी. पुढे 1994 मध्ये रेपेटींनी नियंत्रक आणि त्यांची मुलं यांच्याबद्दल लिहिलं. कामावर सहकाऱ्यांशी किंवा वरिष्ठांशी खटके उडालेल्या दिवशी या बापांचा मुलांवरचा राग आणि शिस्तीचा बडगा वाढलेला असायचा.

थोडक्यात, बोजा माणसाला गप्प करतो आणि अपमान भांडायला लावतो. नियम म्हणून घेऊ नका, कल म्हणून घ्या. बोजाच्या दिवशी शरीर तासन्‌तास ताठ राहिलेलं असतं, त्याला खाली यायला फक्त वेळ लागतो. अपमानाच्या दिवशी वाद अर्धवट राहिलेला असतो. साहेबांना द्यायचं उत्तर मनात घोळत असतं आणि ते समोर येईल त्याच्यावर निघतं.

उदाहरण घेऊ. डोंबिवलीचं एक जोडपं धरा. तो बँकेत कर्जविभागात, ती शाळेत शिक्षिका, मुलगी चौथीत. मार्चअखेर आहे. सोमवारी दिवसभर फायलींचा ढीग, जेवणाचा डबा चार वाजता उघडलेला, संध्याकाळी लोकलला लोंबकळत घरी. उत्तरं एका शब्दाची, "हो", "नको", "बघू". आवाज सपाट, त्याला धार नाही. खुणेची गोष्ट ही धार. ती नसेल तर पाणी द्या, चहा द्या आणि अर्धा-पाऊण तास काही विचारू नका. गॅस बुक केला का, सोसायटीचा मेंटेनन्स भरला का, मुलीच्या सहलीचं काय, हे सगळं खरंच महत्त्वाचं असतं, पण दारात चप्पल काढतानाच विचारलेलं बहुधा वाया जातं. "तू माझ्याशी बोलत का नाहीस?" हा प्रश्न तर त्या वेळी नकोच. त्याचं गप्प बसणं तुमच्याबद्दल नसतं, पण असं विचारलं की ते तुमच्याबद्दल होऊन बसतं. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला माणूस बघवत नाही, हे मान्य. तरी थांबा. आपणहून ओट्यापाशी येऊन काहीतरी फालतू बोलायला लागला की समजायचं, उतरला.

बुधवारी वेगळंच झालं. एका ग्राहकाने काउंटरवर आरडाओरडा केला आणि मॅनेजरने सगळ्यांसमोर ग्राहकाची बाजू घेतली. आज घरी आल्याआल्या चार्जर जागेवर का नाही, टीव्हीचा आवाज एवढा का, मुलीच्या वहीत खाडाखोड का. बोलण्याला धार आहे आणि तिचं निमित्त क्षुल्लक आहे. आज अर्धा तास एकटं सोडलं तर तो त्या अर्ध्या तासात मॅनेजरशी मनात आणखी दोनदा भांडून बाहेर येईल. आज मुलीला दुसऱ्या खोलीत पाठवायचं, वहीचा वाद तिथेच सोडायचा आणि एकदाच विचारायचं, "आज कुणी काही बोललं का?"

तो सांगायला लागला की अवघड भाग सुरू होतो, तो म्हणजे आपण काही न सुचवणं. "अरे, त्यांचीही काही अडचण असेल" हे वाक्य कितीही समंजस असलं तरी त्या क्षणी ते मॅनेजरच्या बाजूने उभं राहतं. "तू तिथेच ठणकावून सांगायचं होतंस" हे तर दुसरा अपमान केल्यासारखं. स्वित्झर्लंडमधले मानसशास्त्रज्ञ गी बोडेनमान जोडप्यांना जे संभाषण शिकवतात, त्यात सगळ्यात मोठा वेळ एकाने सांगण्याचा आणि दुसऱ्याने फक्त विचारत-ऐकत राहण्याचा असतो. धीर आणि उपाय त्यानंतर. "मग तो काय म्हणाला?", "सगळ्यात जास्त काय लागलं?" एवढे प्रश्न पुरतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधीकधी अनपेक्षित येतं. आरडाओरडा लागलेलाच नसतो, समोर बसलेली नवी मुलगी हसली ते लागलेलं असतं. ते बोललं गेलं की आवाज आपसूक खाली येतो.

आता तुमच्या मनात आलं असेल, की मी काय दिवसभर शाळेत बसून होते? रास्त आहे, आणि त्या अर्ध्या तासाची किंमत कोण मोजतं ते बघायलाच हवं. डार्बी सॅक्सबी आणि रेपेटी यांनी 2011 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या 30 जोडप्यांबद्दल लिहिलं. दोघंही नोकरी करणारे, घरात मुलं. संध्याकाळी कोण काय करतंय याच्या नोंदी घेतल्या आणि लाळेतून कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. बायकांचं कॉर्टिसॉल नवरा घरकामात जास्त हात लावत असेल तिथे चांगलं उतरत होतं. नवऱ्यांचं उतरत होतं ते स्वतःला आराम आणि बायकोला कमी आराम असेल तिथे. वाचून मला नवल वाटलं नाही, राग आला.

म्हणून त्याला सोमवारचा अर्धा तास द्या, पण त्यानंतरची भांडी आणि उद्याच्या डब्याची भाजी चिरणं त्याचं, हे सुट्टीच्या दिवशी, दोघं शांत असताना ठरवून टाका. दोघांचाही दिवस वाईट असू शकतो, त्यासाठी स्टेशनवरूनच एक मेसेज पाठवायची सवय लावा, "आज नुसतं काम" किंवा "आज वाजलंय". दोघांचंही वाजलं असेल तर आधी जेवण, मग एकेकाने बोलायचं. उपाशीपोटी दोन कैफियती एकदम ऐकून घेणारं जोडपं मी अजून पाहिलेलं नाही.

आणि एक तपासून बघा. रविवारीही तो तसाच गप्प असतो का? रजेच्या आठवड्यातही? झोप, भूक बिघडली आहे का? तसं असेल तर ऑफिसचा दिवस हे कारण पुरत नाही, डॉक्टरकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. हात उगारला जात असेल किंवा तुम्हाला त्याची भीती वाटत असेल, तर वरचं काहीही तुमच्यासाठी नाही. तिथे त्याला शांत करणं हे तुमचं काम नव्हे. महिला हेल्पलाइनचा 181 हा नंबर फोनमध्ये ठेवा.